शंभरातले छप्पन म्हणजे बहुमत झालं का?

नमस्कार मंडळी, आणि अकरावी-बारावीची जी पोरं आत्ता रेडिओ लावून बसलीत त्यांना खास नमस्कार. मी ज्युनिअर कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवतो, कोल्हापुरातच.

आमच्या वर्गानं एक पोल घेतला. यंदा स्पोर्ट्सला मेन मॅच फुटबॉलची ठेवायची का, हो किंवा नाही, एवढाच प्रश्न. आता कोल्हापुरात हा प्रश्न विचारायचा म्हणजे पेठापेठांचा जीव त्यात अडकलेला! कॉलेजात पोरं १२००, सगळ्यांना कुठं विचारत बसणार, म्हणून सगळ्यांच्या रोल नंबरच्या चिठ्ठ्या केल्या, डब्यात घालून हलवल्या आणि १०० काढल्या. ५६ जण हो म्हणाले. लगेच मागच्या बाकावरून आवाज, "सर, ५६ टक्के, बहुमत झालं की!"

मी म्हटलं थांब, दुसऱ्या १०० चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर ५६ च आले असते का? कधी ५१ आले असते, कधी ६०. हा जो आकडा चिठ्ठ्यांच्या नशिबानं हलतो ना, तो साधारण किती हलतो हे मोजता येतं, त्याला स्टँडर्ड एरर म्हणायचं. वही घ्या. ०.५६ गुणिले ०.४४, म्हणजे हो वाल्यांचा वाटा गुणिले नाही वाल्यांचा, आलं ०.२४६४. त्याला १०० नं भागा आणि वर्गमूळ काढा, आलं जवळजवळ ०.०५, म्हणजे ५ टक्के. ९५ टक्क्यांच्या इंटर्वलसाठी त्याला १.९६ नं गुणायचं, की झालं साधारण १० टक्के, हे आपलं मार्जिन. ५६ मधून १० वजा, ५६ मध्ये १० मिळवा, ४६ ते ६६. हा झाला आपला कॉन्फिडन्स इंटर्वल. आणि बघा, ५० त्याच्या आतच बसलाय, म्हणजे अख्ख्या कॉलेजात फुटबॉलवाले निम्म्याहून कमी असणंसुद्धा या पोलशी जुळतंय. बहुमत झालं असं आत्ता छातीठोक सांगता येत नाही.

आता ९५ चा अर्थ, इथं भलेभले चुकतात. 'खरा आकडा ४६ ते ६६ मध्ये असायची शक्यता ९५ टक्के', असं लिहिलं की मी मार्क कापतो. कारण कॉलेजचा खरा आकडा एकच आहे, तो काही हलत नाही, हलतो तो आपला इंटर्वल. समजा वर्गातल्या ४० पोरांनी आपापल्या वेगळ्या १०० चिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येकानं आपला इंटर्वल काढला, तर साधारण ३८ जणांचा इंटर्वल खऱ्या आकड्याला पकडेल आणि दोघांचा हुकेल, आणि ते दोघं कोण हे वहीत बघून कुणालाच कळणार नाही. ९५ टक्के ही पद्धतीची खात्री आहे, आपल्या हातातल्या एका इंटर्वलची नाही.

मग इंटर्वल बारीक कसा करायचा? जास्त चिठ्ठ्या काढून, पण हे महाग पडतं, कारण मध्ये वर्गमूळ बसलंय. मार्जिन निम्मं करायला चिठ्ठ्या चौपट लागतात. ४०० जणांना विचारलं आणि समजा तेच ५६ टक्के आले, तर मार्जिन ५, इंटर्वल ५१ ते ६१, आता ५० बाहेर पडला. (खरं तर १२०० मधले ४०० म्हणजे तिसरा हिस्साच विचारून झाला, त्यामुळं ते ५ चं ४ वर येतं, पण ते सूत्र नंतर कधीतरी.)

आणि आता जे मला खरंच पोटतिडकीनं सांगायचंय ते ऐका. मिसळीच्या पातेल्यात कट वर तरंगतो, न ढवळता पळी वरच्यावर फिरवली तर नुसता कटच येणार, आणि मोठी पळी घेतली तर जास्त कट येणार, खालचा रस्सा काही येणार नाही. आमच्याच वर्गातली दोघं चिठ्ठ्यांचा कंटाळा आला म्हणून संध्याकाळी ग्राउंडच्या गेटवर जाऊन ४०० जणांना विचारूया म्हणत होती. तिथून प्रॅक्टिस करून कोण बाहेर पडतं? फुटबॉलवाले! उत्तर आलं असतं समजा ८५ टक्के, मार्जिन फक्त साडेतीन, दिसायला एकदम झकास आणि पार चुकीचं. सूत्राला गेट दिसत नाही, ते धरूनच चालतं की चिठ्ठ्या नीट हलवल्यात.

तशीच गोष्ट गैरहजर पोरांची. चिठ्ठीत नंबर निघाला, ती पोरगी आज आली नाही, म्हणून शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारलं, असं आमच्याकडं झालं होतं, आणि मी तीन फॉर्म परत पाठवले. ज्या तिघी आल्या नव्हत्या त्यांना दोन दिवसांनी गाठलं. दोघी नाही म्हणाल्या, एक हो. मगच ते ५६ फळ्यावर लिहिले, आणि शेजारी ४६ ते ६६.