ऑफर लेटरमधल्या तारखा

नमस्कार श्रोतेहो. वाळूजच्या एका कारखान्यात कामगार विभागात माझी बावीस वर्षं गेली. नेमणुकीची पत्रं मी टाईप केली, वाटली, फायलीला लावली. तरी आज जे सांगणार आहे ते मला माझ्या भाच्यामुळं कळलं.

भाचा अंबाजोगाईचा. इंजिनिअर झाला आणि पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. ताईनं ते योगेश्वरीच्या पायाशी ठेवलं, गल्लीत पेढे वाटले. आकडा सगळ्यांनी वाचला, तारखा कुणीच वाचल्या नाहीत. मीसुद्धा नाही.

1 जुलै 2022 ला तो रुजू झाला. प्रोबेशन सहा महिन्यांचं आणि बाँड दोन वर्षांचा, मोडला तर दीड लाख. नोटीस पीरियड प्रोबेशनमध्ये तीस दिवस, कायम झाल्यावर नव्वद. शिवाय वर्षाला साठ हजार व्हेरिएबल पे. दोन वर्षं भरली तसा त्यानं 1 जुलै 2024 ला राजीनामा दिला. तीन महिने नोटीस भरून सप्टेंबरअखेर मोकळं व्हायचं, हा त्याचा हिशोब.

आठ दिवसांत कंपनीची मेल आली, दीड लाख भरा. रात्री साडेदहाला त्याचा फोन. "मामा, मी तर दोन वर्षांच्या वर तीन महिने जास्तच भरतोय!"

तो शनिवारी संभाजीनगरला आला. ओसरीवर बसून, हातात पेन्सिल घेऊन आम्ही ते पत्र पहिल्यांदा नीट वाचलं. चौथ्या पानावर, बारीक अक्षरात, बाँडची मुदत 'कायम केल्याच्या तारखेपासून' दोन वर्षं असं होतं. रुजू झाल्याच्या तारखेपासून नाही. आणि प्रोबेशनच्या कलमात लिहिलं होतं, लेखी पत्र मिळेपर्यंत प्रोबेशन चालूच राहील. कायम केल्याचं पत्र त्याला मिळालं 1 एप्रिल 2023 ला. सहा महिने 31 डिसेंबरला संपले, पत्र तीन महिन्यांनी आलं, आणि तेवढा बाँड पुढं सरकला. तो संपत होता 31 मार्च 2025 ला.

पुन्हा सांगतो, सहा महिने झाले म्हणजे आपोआप कायम झालो असं धरू नका. पत्रात 'लेखी कळवेपर्यंत' असेल, तर सातव्या महिन्यात आपणच मेल टाकून पत्र मागायचं.

व्हेरिएबलचंही तसंच झालं. ते ऑक्टोबरच्या पगारात मिळायचं, पण त्या दिवशी हजेरीपटावर असलेल्याला, आणि नोटीसवर नसलेल्याला. वर्षभर राबून साठ हजार गेले. नोव्हेंबरात राजीनामा दिला असता तर ते हातात पडले असते आणि बाँडही जवळजवळ भरला असता.

एक बोलतोच. आपल्याकडं दहावीच्या पोराला पत्रलेखन शिकवतात, आलेलं पत्र वाचायला कुणी शिकवत नाही. सातबाऱ्यावरची एक नोंद चुकली तर आपण तलाठ्याकडं दहा खेटे घालतो. लेकराच्या दोन वर्षांच्या कागदाला तेवढी नजर द्यायला काय हरकत आहे?

असो. बाँड म्हणजे नुसता कागद, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. पण दुसरी बाजूही आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणं करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. त्याच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते.

आम्ही तेच धरून मेल लिहिली. भांडलो नाही. प्रशिक्षण तीन आठवड्यांचं, तेही कंपनीतच, त्याचा खर्च किती ते कळवा. सप्टेंबरअखेर चोवीसपैकी अठरा महिने भरतात, उरलेल्या सहा महिन्यांचाच विचार करा. दीड लाख भागिले चोवीस म्हणजे महिन्याला सहा हजार दोनशे पन्नास. सहा महिन्यांचे साडेसदतीस हजार. दोन मेल आणि एक फोन झाल्यावर कंपनीनं तेवढ्यावर मिटवलं. पैसे भरायच्या आधी 'काही येणे बाकी नाही' असं लेखी घेतलं. अनुभवाचं पत्रही त्याच दिवशी मागितलं, कारण पैसे हातात पडल्यावर कुणाला घाई राहत नाही.

गेल्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीला ऑफर आली. या वेळी पेढ्यांच्या आधी पेन्सिल निघाली. सही करण्यापूर्वी तिनं एचआरला तीन ओळींची मेल केली: बाँड रुजू झाल्याच्या तारखेपासून धरावा, रक्कम दर महिन्याला कमी होत जावी, आणि व्हेरिएबल कोणत्या तारखेला, कुणाला मिळतं ते कळवावं. मूळ गुणपत्रिका मागितल्या होत्या, तिनं दाखवल्या आणि परत घेतल्या. चौथ्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या दोन गोष्टी मान्य. व्हेरिएबल मात्र जूनच्या पगारात, 30 जूनला नोकरीत असलेल्यालाच. तिनं ती मेल छापून ऑफर लेटरला टाचली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर 30 जूनभोवती गोल केला.