कारल्यातलं इन्सुलिन

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी बागेत फिरायला गेलात, तर फाटकापाशी कारल्याच्या रसाची गाडी दिसते. रोज अर्धा पेला घेणारे काका ठामपणे सांगतात, "कारल्यात इन्सुलिन असतं." काकांचं हे वाक्य पूर्ण खोटं नाही. पण ते खरं आहे ते सुईच्या टोकावर, पेल्यात नव्हे.

१९८१ मध्ये जयपूरच्या डॉ. पुष्पा खन्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारल्यापासून इन्सुलिनसारखं काम करणारं एक प्रथिन वेगळं काढलं. त्याला त्यांनी पॉलिपेप्टाइड-पी असं नाव दिलं. काही मधुमेही रुग्णांना ते दिल्यावर साखर उतरली. मात्र त्यांनी ते कातडीखाली टोचलं होतं. इन्सुलिनची गोळी का मिळत नाही, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर उत्तर इथंच आहे. प्रथिन पोटात गेलं की जठरातलं आम्ल आणि पाचकरस त्याचे तुकडे करतात. डाळीतल्या प्रथिनाचं जे होतं, तेच याचंही. त्यामुळे रस पिऊन हे प्रथिन रक्तात शाबूत पोचेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मग रसात दुसरं काही आहे का? आहे, आणि ते कडू आहे. आपण कारल्याला मीठ चोळून जो कडूपणा पिळून टाकायला बघतो, त्या कडूपणाच्या कुळातच मोमोर्डिकोसाइड नावाची द्रव्यं येतात. ती प्रथिनं नाहीत, त्यामुळे पचनात त्यांची तशी वाताहत होत नाही.

त्यांचं काम कळायला आधी स्नायूची पेशी डोळ्यांसमोर आणा. रक्तातली साखर आपोआप आत शिरत नाही. तिला आत घेणारी दारं, म्हणजे ग्लुट-४ नावाची प्रथिनं, एरवी पेशीच्या पोटात गुंडाळून ठेवलेली असतात. इन्सुलिन बाहेरून कडी वाजवतं, आत निरोप जातो, दारं पृष्ठभागावर येतात आणि साखर आत जाते. टाइप-२ मधुमेहात कडी वाजते, पण आत नीट ऐकू जात नाही.

दारं वर आणायची आणखी एक वाट आहे. पेशीतलं इंधन कमी झालं की एएमपीके नावाचं विकर जागं होतं आणि तेही हीच दारं वर आणतं. आपण भराभर चालतो तेव्हा हेच घडतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीच्या परिणामातही या विकराचा वाटा मानला जातो. २००८ मध्ये सिडनी आणि शांघायच्या संशोधकांनी दाखवलं, की कारल्यातली ही कडू द्रव्यं प्रयोगशाळेतल्या स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत एएमपीकेला जागं करतात आणि ग्लुट-४ची दारं पृष्ठभागावर येतात. उंदरांमध्येही परिणाम दिसला. म्हणजे कारलं इन्सुलिनची नक्कल करतं ती परिणामापुरती; पुढच्या दाराची कडी न वाजवता परसदारातून.

आता माणसांकडे येऊ, कारण इथं गाडी अडते.

फिलिपिन्समध्ये ४० मधुमेहींवर एक चाचणी झाली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना कारल्याच्या कॅप्सूल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. दिवसातून तीनदा जेवणानंतर दोन-दोन, तीन महिने. तीन महिनेच का? कारण एचबीए१सी ही तपासणी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी साखर सांगते. संशोधकांना एक टक्क्याची घट शोधायची होती. दोन गटांतला फरक निघाला ०.२२ टक्के, कारल्याच्या बाजूने. पण इतका लहान फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. थायलंडमध्ये २०११ साली आलेल्या चाचणीत चार आठवडे कारल्याची भुकटी मेटफॉर्मिनशी ताडून पाहिली. रोज २००० मिलिग्रॅम भुकटीने परिणाम दिसला, त्याहून कमी मात्रेने नाही, आणि तोही १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमी. शिवाय कुठल्या जातीचं कारलं, किती पिकलेलं, रस की भुकटी, यावर द्रव्यांचं प्रमाण बदलतं. तुमच्या पेल्यात किती आहे, हे गाडीवाल्यालाही सांगता येणार नाही.

"पण माझी साखर उतरली ना," असं काका म्हणतील. उतरलीही असेल. फक्त त्याच महिन्यात त्यांनी चालणं सुरू केलं आणि चहातली साखर सोडली, हेही त्यांनी मोजायला हवं.

कारल्याची भाजी खुशाल खा. गूळ-चिंच घालणारच असाल तर गुळाचा हिशेब धरा. जपायचं ते रोजच्या रसाला. गर्भवतींनी तो घेऊ नये. आणि ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी उपाशीपोटी रस घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं, कारण दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. गोळी मनाने बंद करणं तर त्याहून वाईट. रसानंतर हात थरथरले, दरदरून घाम फुटला, डोकं सुन्न झालं, तर शक्य असल्यास लगेच ग्लुकोमीटरवर बघा. आकडा सत्तरच्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

नमस्कार.