पाच ठिपके, तीन कोडी
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

(दृश्य: वर्गातले बाक भिंतीला सरकवलेले. पाच मुलं गोल करून उभी.)

शाळेच्या गणित मंडळाचा तास. बाईंनी फळ्यावर अजून काहीच लिहिलेलं नाही. मुलांना एवढंच सांगितलंय की प्रत्येकाने बरोबर तिघांशी हस्तांदोलन करायचं, ना कमी ना जास्त.

चौघांचं गणित जमतं, पाचव्याचं बिनसतं. जोड्या बदलून पाहतात, तरी कुणीतरी एक जण अडतोच.

(दृश्य: फळ्यावर पाच ठिपके, मग एकेक रेघ.)

आता बाई खडू हातात घेतात. प्रत्येक मुलासाठी एक ठिपका आणि प्रत्येक हस्तांदोलनासाठी एक रेघ. यालाच ग्राफ म्हणतात. पाठ्यपुस्तकातल्या आलेखासारखे इथे अक्ष नसतात. ठिपका कुठे काढला याला महत्त्व नाही, कोण कुणाला जोडलंय तेवढंच पाहायचं.

पाच जणांना प्रत्येकी तीन, म्हणजे रेघांची पंधरा टोकं हवीत. पण प्रत्येक रेघेला दोन टोकं असतात, त्यामुळे टोकांची बेरीज कायम समच येणार. पंधरा टोकांच्या रेघा साडेसात होतात, आणि अर्धं हस्तांदोलन कुणी करत नाही. जमत नव्हतं ते मुलांच्या चुकीमुळे नव्हे. ते कुणालाच जमणार नाही, आणि का जमणार नाही हे आता फळ्यावर दिसतंय.

(दृश्य: महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा, रंगीत खडूंची पेटी.)

दुसरं कोडं नकाशाचं. सीमेला सीमा लागलेल्या दोन जिल्ह्यांना एकच रंग द्यायचा नाही. नुसतं टोकाला टोक टेकत असेल, तर ती सीमा धरायची नाही. मग कमीत कमी किती रंग लागतील?

मुलं तीन खडू उचलतात. बरंचसं काम तीन रंगांत होतंही. अडतं ते पुण्याला.

(दृश्य: पुणे जिल्हा जवळून. भोवतीच्या सीमांवरून फिरणारं बोट.)

पुणे जिल्ह्याला महाराष्ट्रातले पाच जिल्हे वेढून आहेत. ठाणे, अहिल्यानगर, सोलापूर, सातारा आणि रायगड. यातला प्रत्येक जिल्हा पुढच्याला लागून आहे, आणि रायगड पुन्हा ठाण्याला. प्रत्येक जिल्ह्यासाठी एक ठिपका आणि लागून असलेल्या दोघांमध्ये एक रेघ. पाच ठिपक्यांचं कडं झालं, आणि मधल्या पुण्यापासून पाचही ठिपक्यांना रेघा गेल्या.

आधी कडं रंगवू. ठाणे लाल, अहिल्यानगर पिवळा, सोलापूर पुन्हा लाल, सातारा पुन्हा पिवळा. उरला रायगड. त्याच्या एका बाजूला पिवळा सातारा, दुसऱ्या बाजूला लाल ठाणे. त्याला तिसराच रंग हवा, म्हणून हिरवा. कड्यात सहा जिल्हे असते, तर दोन रंग आलटूनपालटून पुरले असते. विषम कड्यात शेवटचा जिल्हा अडणारच, सुरुवात कुठूनही करा.

आणि पुण्याला तर तिन्ही रंग शेजारी आले. त्याला चौथा खडू घ्यावाच लागतो.

(दृश्य: एक मुलगी पुणे निळ्या खडूने भरते.)

पुण्यासाठी चार रंग लागतात, एवढंच यातून सिद्ध झालं. सगळ्या नकाशाला चार पुरतात की नाही, हे तो रंगवूनच पाहायला हवं. मुलं तेच करतायत.

कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतील का, हा प्रश्न 1852 मध्ये इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना फ्रान्सिस गथ्री या तरुणाला पडला. 1879 मध्ये केम्प यांनी सिद्धता दिली, 1890 मध्ये हीवुड यांनी त्यातली चूक दाखवली. 1976 मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने ‘होय’ हे उत्तर सिद्ध केलं. अट एकच, प्रत्येक प्रदेश सलग हवा. परीक्षेचं वेळापत्रक लावतानाही हेच कोडं असतं. एकाच विद्यार्थ्याचे दोन विषय रेघेने जोडायचे, आणि रंगांच्या जागी पेपरच्या वेळा द्यायच्या.

(दृश्य: पाच मुलं, हातात लाल आणि निळ्या दोऱ्या.)

तिसरं कोडं ओळखीचं. ओळखीच्या दोघांमध्ये लाल दोरी, अनोळखी दोघांमध्ये निळी. एकाच रंगाचा त्रिकोण टाळायचा. पाच जणांना हे जमतं. कडेने लाल पंचकोन, आत निळी चांदणी.

(दृश्य: सहावा मुलगा आत येतो.)

सहा झाले की जमत नाही. कुणाही एकाकडे पाहा. त्याच्या हातून पाच दोऱ्या निघतात आणि रंग दोनच, म्हणून निदान तीन एका रंगाच्या असणार. त्या लाल धरू. त्या तिघांत कुठेही एक लाल दोरी असली, तर लाल त्रिकोण झाला. एकही नसली, तर तिघांमध्ये निळा त्रिकोण झाला. निळ्या धरल्या तरी हेच, फक्त रंगांची अदलाबदल. सुटका नाही.

परस्पर ओळखीचे किंवा परस्पर अनोळखी असे चौघे नक्की मिळायला अठरा माणसं लागतात. पाच जणांसाठी किती लागतात, तो नेमका आकडा जगात अजून कुणालाच सापडलेला नाही.