मशीन बोट घेत नाही तेव्हा
(साइटवरचे मुकादम, टाइम ऑफिसचे कर्मचारी आणि हजेरी यंत्रं बसवणारे तंत्रज्ञ यांच्यापुढे मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

गेटावर रोज सकाळी आठला जी गर्दी होते, तिच्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "साहेब, मशीन बोट घेत नाही." मग मुकादम कामगाराला म्हणतो नीट लाव, कामगार म्हणतो नीटच लावतोय, आणि मागची रांग वाढत जाते. आज मी फक्त लादीकाम करणाऱ्याच्या बोटाबद्दल बोलणार आहे. त्याचं बोट सुटलं की गवंडी, बिगारी, धुण्या-भांड्याचं काम करणारे, सफाई कामगार, या सगळ्यांचं गणित त्याच वाटेनं सुटतं.

लादीमिस्त्रीचा हात नीट बघा. लादी बसली की सांध्यात व्हाइट सिमेंट भरतात आणि ते दाबून सपाट करायला तो उजव्या हाताची तर्जनी फिरवतो. दिवसभर. लादी उचलताना तिची धार अंगठ्यावर येते. ओलं सिमेंट कडक अल्कली असतं, त्यानं कातडी कोरडी पडते, चिरते, वरचा थर सुटतो. म्हणजे तर्जनी आणि अंगठा हीच दोन बोटं सगळ्यांत जास्त झिजतात आणि नोंदणीच्या वेळी आपण नेमकी तीच दोन घेतो. कारण सगळीकडे अंगठा लावायचीच सवय आहे.

आता यंत्र काय बघतं ते समजून घेऊ. बोटावरच्या रेघा जिथे संपतात आणि जिथे फुटून दोन होतात, ते बिंदू यंत्र मोजतं आणि त्यांची जागा नि दिशा साठवतं. तुमच्या बोटाचा फोटो त्यात सहसा नसतो, असतो तो या बिंदूंचा नकाशा. साध्या ऑप्टिकल सेन्सरमध्ये काचेला आतून उजेड मारलेला असतो. रेघेचा उंचवटा काचेला टेकला की तिथला उजेड परतत नाही, खोलगट भागात परततो. उंचवटाच घासून गेला असेल, किंवा कातडी इतकी कोरडी असेल की काचेला चिकटतच नाही, तर रेघ तुकड्या-तुकड्यांत दिसते. प्रत्येक तुकड्याचं टोक यंत्राला "रेघ संपली" असं वाटतं. चिरांचंही तसंच. म्हणून झिजलेल्या बोटात खरे बिंदू कमी होतात आणि खोटे वाढतात. दुसरीकडे पावसाळ्यात हात ओला असेल तर खोलगट जागा पाण्यानं भरतात आणि रेघा एकमेकींत मिसळतात. कोरडं आणि ओलं, दोन्ही वाईट, पण उपाय उलटे आहेत.

यातली दिलाशाची गोष्ट अशी की रेघांची मूळ ठेवण कातडीच्या खालच्या थरात असते. वरचा थर साधारण महिनाभरात नवा येतो. खोल जखमेचा व्रण सोडला तर बोटाचा नमुना बदलत नाही, तो फक्त पुसट होतो. गणपतीला गावी जाऊन आलेल्या माणसाचं बोट पहिल्या आठवड्यात झटकन घेतलं जातं आणि मग हळूहळू अडायला लागतं, ते यामुळे.

अडचण बोटाची आहे की यंत्राची, हे आधी ठरवा. सकाळी सगळ्यांचीच रांग अडत असेल तर काच मळली आहे. मऊ कोरड्या कापडानं पुसा, चिकटलेली धूळ सेलोटेपच्या चिकट बाजूनं उचला. संध्याकाळच्याच पाळीत अडत असेल आणि गेट पश्चिमेला असेल तर उन्हाची तिरीप थेट सेन्सरवर येते का ते बघा, छोटं छप्पर पुरतं. आणि रोज तेच सात-आठ जण अडत असतील, तर तो बोटाचा प्रश्न. तिथे काच पुसून काही होणार नाही.

अशा वेळी पहिली सूचना येते ती "थ्रेशोल्ड कमी करा." ही सूचना सगळ्यांत सोपी आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट. का ते आकड्यात बघू. थ्रेशोल्ड म्हणजे दोन नकाशे किती जुळले की यंत्रानं "हाच तो" म्हणायचं, ती रेषा. अनेक यंत्रांत ती दोन ठिकाणी असते. `1:N` म्हणजे फक्त बोट लावलं आणि यंत्रानं सगळ्यांत शोधलं. `1:1` म्हणजे आधी नंबर किंवा कार्ड दिलं आणि यंत्रानं फक्त त्या माणसाची बोटं ताडून पाहिली. बऱ्याच पुस्तिकांत `1:N` साठी ३५ आणि `1:1` साठी १५ असे मधले आकडे दिलेले सापडतील. एका माणसाशी ताडायचं असेल तर सैल रेषा चालते, हे त्यातच आलं.

समजा साइटवर ३०० माणसं आहेत, प्रत्येकाची दोन बोटं, म्हणजे ६०० नकाशे. रेषा खाली आणल्यावर परक्या बोटाशी चुकून जुळण्याची शक्यता दर तुलनेला दहा हजारांत एक झाली असं धरा. झिजलेलं बोट एकदा टेकवलं की ६०० तुलना होतात, म्हणजे परक्याच्या नावावर हजेरी पडण्याची शक्यता जवळजवळ सहा टक्के. आठ झिजलेल्या बोटांचे कामगार, येताना-जाताना दोनदा, दर वेळी तीन प्रयत्न धरले तर ४८ वेळा बोट टेकतं. दिवसाला तीनेक हजेऱ्या भलत्याच्या नावावर! महिनाअखेरीला पगारपत्रकात एकाचा खाडा आणि दुसऱ्याचा ओव्हरटाइम दिसतो आणि कुणालाच कळत नाही कुठून आला. तेच काम `1:1` मध्ये केलं तर तुलना फक्त दोन होतात. शक्यता दहा हजारांत दोन. तीच सैल रेषा इथे निर्धोक आहे.

`1:1` चा दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. `1:N` मध्ये बोट जुळलं नाही तर यंत्राला माहीतच नसतं की कोण उभा होता. त्यामुळे त्या माणसानं पाच वेळा प्रयत्न केला, ही गोष्ट त्याच्या नावावर कुठेच उरत नाही. नोंदीत तो सरळ गैरहजर. आधी कार्ड टेकवलं असेल तर निदान कोण अडला हे तरी कळतं, आणि काही यंत्रं अपयशी प्रयत्नही त्या नंबरावर साठवतात. यंत्र विकत घेताना हा प्रश्न जरूर विचारा.

तर आपल्या लादीमिस्त्रीचं काय करायचं? जुनी नोंद पुसून नवी घ्या, पण बोटं बदलून. दोन्ही हातांची अनामिका आणि मधलं बोट तपासा. सांधे पुसायला ती लागत नाहीत. नोंदणी सकाळी कामाला लागण्याआधी करा. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे होऊ द्या. कातडी फारच रुक्ष असेल तर व्हॅसलीनचा अगदी पुसट हात फिरवून लगेच पुसून टाका, किंवा बोट कपाळावर एकदा घासा. कपाळाच्या तेलकटपणानं काम होतं. सॅनिटायझर नको, त्यानं बोट आणखी सुकतं. बोटाचं टोक टेकवायचं नाही. नखाच्या मुळाच्या बरोबर मागे, खालच्या बाजूला रेघांचा भोवरा असतो, तो काचेच्या मध्यावर यायला हवा. कोरडं बोट जरा दाबून, ओलसर बोट हलकं. जोर लावून चेपलं की उरल्यासुरल्या रेघाही चपट्या होऊन एकमेकींना चिकटतात. यंत्र तीनदा बोट मागतं, तिन्ही वेळा बोट पूर्ण उचलून पुन्हा ठेवायचं.

नोंद झाली की तिथेच पाच वेळा ताडून बघा. चार वेळा घेतलं तर ते बोट ठेवा, नाहीतर दुसरं घ्या. मात्र कसंबसं, दहाव्या प्रयत्नाला नोंदलेलं बोट ठेवू नका. मोजके बिंदू असलेला पुसट नकाशा परक्या बोटांनाही जुळतो आणि इतरांच्या हजेरीत घोळ घालतो. दोन चांगली बोटं मिळाली की संध्याकाळी काम सुटल्यावर पुन्हा तपासा. सकाळी पाचला पाच आणि संध्याकाळी एक, असं झालं तर हा माणूस `1:N` मध्ये टिकणार नाही.

त्याला मग कार्ड अधिक बोट द्या. अनेक यंत्रांत पडताळणीची पद्धत प्रत्येक माणसासाठी वेगळी ठेवता येते आणि इथे एका खुणेत फसगत होते. `RF/FP` म्हणजे कार्ड किंवा बोट, `RF&FP` म्हणजे कार्ड आणि बोट. तिरकी रेघ ठेवलीत तर नुसत्या कार्डावर हजेरी लागते आणि एक जण खिशात चार कार्डं घेऊन येतो.

कोणतंच बोट मिळालं नाही तर? चेहरा ओळखणारं यंत्र असेल तर तोच मार्ग. हेल्मेट आणि गॉगल काढायला लावा, यंत्र उन्हाच्या तोंडावर लावू नका, आणि मोबाइलवरचा फोटो दाखवून ते फसतं का हे घेण्याआधी स्वतः करून बघा. शिरांचा आराखडा वाचणारी यंत्रं झिजेला भीक घालत नाहीत, कारण शिरा कातडीखाली असतात. कातडीच्या थोड्या आतलं टिपणारे मल्टिस्पेक्ट्रल सेन्सरही असतात. दोन्ही महाग, आठ माणसांसाठी ठेकेदार घेणार नाही. त्यांना नुसतं कार्ड द्या, पण ते गेटावर मुकादमाच्या हातून, चेहरा बघून टेकवलं जाऊ द्या, आणि शेजारी वहीत वेळ लिहून कामगार व मुकादम दोघांची सही तिथल्या तिथे घ्या. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली नोंद भांडणात टिकत नाही.

आणखी एक. कामगार विचारतात, "आधार केंद्रावर बोटं अपडेट करून आलो तर चालेल का?" गेटावरचं यंत्र स्वतःच्याच साठ्यात बघत असेल तर आधारमधल्या बदलाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. त्या माणसाचा अर्धा दिवस वाया घालवू नका, नोंद गेटावरच्या यंत्रातच बदलावी लागते. आणि कुणी साइट सोडून गेला की त्याची बोटं पुसा, मगच तो नंबर नव्या माणसाला द्या. जुनी बोटं तशीच राहिली, तर सोडून गेलेला माणूस चार महिन्यांनी परत येऊन बोट लावतो आणि हजेरी नव्याच्या नावावर पडते.