रश्शात बुडालेल्या फोडी आणि फोटोतलं खरं-खोटं

नमस्कार श्रोतेहो. घरून जेवणाच्या ऑर्डर घेणाऱ्यांसाठी आज पदार्थांच्या फोटोंबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी एकच पदार्थ घेऊ या: फोडींचा रस्सा. केकचा किंवा तळलेल्या पदार्थाचा फोटो थोडी काळजी घेतली की बरा येतोच. रस्सा मात्र चवीला कितीही उत्तम असला तरी फोटोत चिखलासारखा दिसतो. आणि मग, संगणकाकडून एखादं झकास चित्र बनवून घ्यावं का, असा मोह नेमका इथेच होतो.

रस्सा फोटोत वाईट का दिसतो, ते आधी पाहू. समजा, तुमचा पाचशे मिलिलीटरचा गोल डबा आहे. त्याचा व्यास साधारण साडेअकरा सेंटिमीटर, आणि भरल्यावर रस्सा पाच सेंटिमीटर उंच येतो. त्यात तीन-तीन सेंटिमीटरच्या दहा फोडी आहेत. फोडी जड, त्यामुळे त्या तळाशी जातात. वरून पाहणाऱ्याला दिसतो फक्त एकरंगी पातळ पृष्ठभाग आणि फार तर दोन-तीन फोडींची टोकं. डब्यात माल आहे, पण कॅमेऱ्याला तो दिसतच नाही.

या अडचणीवरचा एक उपाय फार गाजला. कॅम्पबेल ही अमेरिकेतली मोठी सूप कंपनी. तिच्या १९६०च्या दशकातल्या जाहिरातींत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्या गोट्यांवर टेकून वर दिसाव्यात. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर आक्षेप घेतला आणि १९७० मध्ये, ही युक्ती पुन्हा करायची नाही, अशा आदेशावर प्रकरण मिटलं. गंमत अशी की फोटोतलं सूप खरं होतं, भाज्याही खऱ्या होत्या. पण गोट्यांमुळे त्या होत्या त्यापेक्षा जास्त वाटत होत्या. फोटो खोटा कधी ठरतो, याचं याहून नेमकं उदाहरण सापडणं अवघड. आजही काही जण वाडग्यात छोटी वाटी उपडी ठेवून वर रस्सा ओततात. ती गोट्यांचीच बहीण.

यावर सरळ उपाय आहे. डब्यातला सगळा रस्सा, एक थेंबही न वाढवता, पसरट आणि जरा खोलगट ताटलीत ओता. ताटलीचा सपाट भाग वीस सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर तोच पाचशे मिलिलीटर रस्सा फोडी धरून जेमतेम दीड-पावणेदोन सेंटिमीटर उंच राहतो. तीन सेंटिमीटरची फोड आपोआप वर डोकं काढते. दहाच्या दहा फोडी दिसतात आणि त्या मोजताही येतात. फक्त ताटली मोठी दिसल्याने माल जास्त वाटू शकतो, म्हणून शेजारी नेहमीच्या मापाचा चमचा ठेवा, आणि दुसरा फोटो डब्याचा द्या, झाकण काढलेला, जसा ग्राहकाच्या हातात पडणार आहे तसा. डब्याचा फोटो देखणा नसेल, पण तक्रारी तोच वाचवतो.

आता उजेड. खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशी जागा घ्या. ऊन येतच असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. घरातले दिवे बंद करा, हे सांगूनही बरेच जण करत नाहीत. खिडकीचा उजेड निळसर असतो आणि पिवळा दिवा पिवळा. दोन्ही एकत्र पडले की ताटलीची एक कड निळी आणि दुसरी पिवळी येते. एक बाजू सुधारायला गेलं की दुसरी बिघडते, त्यामुळे हा दोष नंतर नीट काढता येत नाही.

ताटली अशी ठेवा की उजेड तुमच्या पाठीमागून न येता समोरच्या डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यातून यावा. पाठीमागच्या उजेडात पदार्थ सपाट दिसतो, आणि तुमचीच सावली त्यावर पडते. समोरच्या तिरक्या उजेडात रश्शावरची तर्री चमकते, फोडींना एका बाजूने कड मिळते. मात्र सावलीची बाजू काळी पडते, म्हणून तिकडे एक पांढरा पुठ्ठा उभा करा. तो ताटलीच्या जवळ आणा, लांब न्या, आणि सावली कशी बदलते ते पडद्यावर बघत राहा. तर्रीवर खिडकीचा मोठा पांढरा डाग दिसला तर ताटली न हलवता फोन थोडा वर किंवा बाजूला न्या. डाग सरकतो.

फोन हातात घेतल्यावर आधी भिंग पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचा हात लागलेलाच असतो, आणि त्याने सगळा फोटो धुक्यातला येतो. फोन ताटलीच्या अगदी जवळ नेऊ नका. वीतभर अंतरावरून काढलेल्या फोटोत पुढच्या फोडी फुगतात, मागच्या बारीक होतात, म्हणजे नकळत मापही बदलतं. दोन-अडीच फूट मागे या आणि दुप्पट झूम वापरा. फोन साधारण पंचेचाळीस अंशांत तिरका धरा. पडद्यावर फोडीवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो. मग बोट वर-खाली सरकवून उजेड ठरवता येतो. ताटली पांढरी असेल तर फोन फोटो उगाच काळवंडवतो, कारण एवढं पांढरं त्याला प्रखर वाटतं. तेव्हा उजेड जरा वाढवा. काळ्या ताटलीत नेमकं उलट होतं आणि रस्सा फिका पडतो.

वेळेचंही गणित असतं. रस्सा गार झाला की स्निग्धांश थिजतो, वर साय धरल्यासारखं होतं आणि चमक जाते. वरून पेरलेली हिरवी पानं गरम रश्शात काही मिनिटांत मरगळतात. म्हणून जागा, पुठ्ठा, कोन, सगळं रिकाम्या ताटलीवर आधी ठरवून घ्या. मग रस्सा ओता, कड ओल्या कापडाने पुसा, पानं टाका आणि लगेच फोटो काढा. पानंही तेवढीच टाका, जेवढी डब्यात जाणार आहेत.

फोटो काढून झाल्यावर रंगाला हात लावताना एक लक्षात ठेवा. फोटो सरळ करणं, कापणं, उजेड वाढवणं, पिवळेपणा काढणं यात काही गैर नाही. पांढरी ताटली पांढरी दिसेपर्यंतच जायचं आणि थांबायचं. रंगांचा गडदपणा वाढवला की रस्सा लाल होतो, आणि लाल रस्सा पाहून माणूस तिखट समजतो. तिखट हवं असलेला ग्राहक निराश होतो, सौम्य हवं असलेला ऑर्डरच देत नाही. काही फोनांत पदार्थांसाठी वेगळी सोय असते, ती हे काम न विचारता करते. ती बंद ठेवा.

आता संगणकाने बनवलेली चित्रं. ही साधनं असंख्य फोटो आणि त्यांची वर्णनं यांवर शिकलेली असतात, आणि त्यांत जाहिरातीसाठी सजवलेले फोटो भरपूर असतात. त्यामुळे ‘रश्शाचा वाडगा’ एवढं लिहिलं की समोर येतो काठोकाठ भरलेला वाडगा, सगळ्या फोडी वर तरंगणाऱ्या, एकसारख्या, त्यावर ताजी पानं आणि मलईची रेघ. म्हणजे गोट्या न टाकताच गोट्यांचा परिणाम. दहा फोडी असं मोजून सांगितलं तरी आकडा बरेचदा चुकतो. आणि तुमचा डबा केवढा, फोड केवढी, हे त्याला ठाऊकच नसतं.

माप चुकलं तर ग्राहक नाराज होतो, घटक चुकले तर प्रकृतीला धोका होतो. चित्रात तुमच्या पाककृतीत नसलेले काजू येतात किंवा असलेले तीळ गायब होतात. ज्याला काजूची वा तिळाची ॲलर्जी आहे, तो चित्र पाहूनच ठरवत असेल तर? पहिल्या चुकीत तो ऑर्डर देणार नाही, दुसरीत थेट दवाखान्यात पोचू शकतो. फोडी मांसाच्या वाटाव्यात अशा आल्या तर शाकाहारी माणूस दूर जातो. म्हणून पदार्थ दाखवणारं बनवलेलं चित्र विक्रीच्या यादीत नको, हे माझं मत आहे. खाली बारीक अक्षरांत ‘चित्र प्रातिनिधिक आहे’ असं लिहून भागत नाही, कारण माणूस ऑर्डर चित्र पाहून देतो, तळटीप वाचून नव्हे.

मग खरा फोटो घेऊन मागचं टेबल तेवढं संगणकाकडून बदलून घेतलं तर? चालेल, पण नीट तपासा. पार्श्वभूमी बदलताना ही साधनं ताटलीची कड आणि जवळची फोडही पुन्हा रंगवून टाकतात. मूळ फोटो आणि बदललेला फोटो शेजारी ठेवून मोठे करा आणि फोडी मोजा. मोजणी जुळली नाही तर तो फोटो टाकून द्या.

खऱ्या फोटोसाठीही एक चाचणी आहे. पदार्थ न पाहिलेल्या तिघांना नुसता फोटो दाखवा आणि विचारा: यात किती फोडी असतील, किती जणांना पुरेल, किती तिखट असेल, आणि यात काय-काय आहे. उत्तरं लिहून घ्या, मग डबा उघडून समोर ठेवा. तिघांनीही दोन जणांना पुरेल असं म्हटलं आणि तुमचा डबा एकाचा असेल, तर फोटो कितीही खरा असला तरी तो दिशाभूल करतो. बहुधा ताटली मोठी झालेली असते किंवा चमचा चौकटीबाहेर राहिलेला असतो. फोटो पुन्हा काढा आणि खाली स्पष्ट लिहा: पाचशे मिलिलीटर, दहा फोडी, एका व्यक्तीसाठी.

पदार्थ नवा आहे, अजून एकदाही केलेला नाही, पण यादीत तर टाकायचा आहे, अशी वेळही येते. तेव्हा त्यात पडणाऱ्या कच्च्या जिनसांचा फोटो टाका, किंवा साधं रेघांचं चित्र. रेघांच्या चित्राला कुणी फोटो समजत नाही. पहिली ऑर्डर शिजली की डबा बंद करण्याआधी खिडकीजवळ न्या, आणि ते चित्र काढून तिथे खरा फोटो लावा. पुढे डब्याचं माप किंवा फोडींची संख्या बदलली, तर त्याच दिवशी फोटोही बदला. नमस्कार.