पीकविम्याची पावती आणि 72 तास

(शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पडद्यावर जो फोटो दिसतोय तो प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या पावतीचा आहे. नाव, गाव, खाते क्रमांक झाकलेत आणि हिशेब तोंडी करता यावा म्हणून आकडे सोपे घेतलेत. तुमच्या मोबाइलमध्ये असाच एखादा फोटो असणार. तो आत्ताच उघडा आणि माझ्याबरोबर वाचा.

फोटो धुरकट असेल तर आधी अर्ज क्रमांक तपासा. घडी पडलेल्या कागदाचा फोटो काढला की 8 चा 3 दिसतो, कडेचा आकडा कापला जातो, आणि पुढे तक्रार करताना नेमका हाच क्रमांक मागतात. क्रमांक नीट दिसत असेल तर pmfby.gov.in वर जाऊन अर्जाची स्थिती बघता येते. ही पावती अर्ज भरल्याची आहे. अर्ज तपासून मंजूर होणं ही त्यानंतरची पायरी. सात-बारापेक्षा जास्त क्षेत्र लावलं असेल, एकाच गटावर दोन अर्ज असतील, तर हातात पावती असूनही अर्ज रद्द होतो. ई-पीक पाहणीत सोयाबीन नोंदवलंय आणि विमा तुरीचा काढलाय, असं झालं तरी तेच. म्हणून पोर्टलवर ‘मंजूर’ दिसेपर्यंत निर्धास्त राहू नका.

आता वरच्या ओळीत हंगाम आणि वर्ष बघा. बहुतेक जण ही ओळ सोडून थेट पैशाच्या रकान्याकडे जातात. पण पावतीतल्या बाकी सगळ्याचा अर्थ या ओळीवर अवलंबून आहे, आणि शेवटी मी पुन्हा तिच्याकडेच येणार आहे. या पावतीवर खरीप 2025 आहे, पीक सोयाबीन, क्षेत्र 0.80 हेक्टर. म्हणजे 80 आर, आपले दोन एकर.

पुढचा रकाना ‘सम इन्शुअर्ड’, म्हणजे विमा संरक्षित रक्कम. इथे 46,400 रुपये आहेत. हेक्टरी 58,000 ला 0.80 ने गुणलं की हा आकडा येतो. तुमच्या पावतीवरही असा गुणाकार करून बघा. जुळला नाही तर क्षेत्र तरी चुकलंय किंवा पीक तरी.

काल एका काकांनी मला विचारलं, “साहेब, शेहेचाळीस हजार लिहिलेत, मग माझ्या खात्यावर अकरा हजारच कसे?” त्यांचा राग मला समजतो. कुणीही पावती बघून शेहेचाळीस हजारांची आशा धरेल. पण ही रक्कम म्हणजे भरपाईची कमाल मर्यादा. पीक शंभर टक्के गेलं असं हिशेबात ठरलं तरच ती पूर्ण मिळते. आणि तो हिशेब तुमच्या बांधावर होत नाही, महसूल मंडळाच्या पातळीवर होतो.

तो हिशेब करून बघू. गेल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. आपल्या उदाहरणात ती हेक्टरी 1,200 किलो धरा. तिला 70 टक्के जोखीमस्तर लावतात, म्हणजे 840 किलो. याला उंबरठा उत्पादन म्हणतात. यंदा मंडळात पीक कापणी प्रयोग झाले आणि सरासरी उतारा 630 किलो आला. तूट 210 किलोंची. 210 भागिले 840, म्हणजे पाव हिस्सा. 46,400 चा पाव हिस्सा 11,600. काकांना आले ते हेच.

इथे दोन गोष्टी खुपतात आणि त्या मी झाकणार नाही. एक म्हणजे 1,200 वरून 630 वर घसरण ही जवळजवळ निम्मी आहे, तरी भरपाई निघते पाव हिश्श्याची. कारण वरची 360 किलोंची घट जोखीमस्तरातच जिरते, तिचे पैसे नाहीत. दुसरी याहून कडू आहे. नाल्याकाठच्या तुमच्या रानात हेक्टरी तीनच क्विंटल पिकलं, पण मंडळाचा उतारा नऊ क्विंटल आला, तर या हिशेबाने तुम्हाला एक रुपयाही मिळत नाही. माझ्या मते या योजनेतली सर्वांत मोठी त्रुटी हीच आहे आणि ती शेतकऱ्याला हप्ता भरायच्या आधी सांगितली पाहिजे.

त्यामुळे कापणी प्रयोगाकडे लक्ष द्या. प्लॉट कुठला लागला ते कृषी सहायकाला विचारा आणि त्या दिवशी रानात हजर राहा. कडेचा चांगला तुकडा बघून चौकोन टाकला, वजन करताना ओलं-वाळलं नीट धरलं नाही, की संपूर्ण मंडळाचा आकडा हलतो. हरकत तिथल्या तिथे नोंदवता येते. आकडे जाहीर झाल्यावर ती सिद्ध करणं फार अवघड होऊन बसतं.

आता हप्ता. पावतीवर तीन हिस्से दिसतात : शेतकऱ्याचा 928, राज्याचा 2,320 आणि केंद्राचा 2,320. बेरीज 5,568. संरक्षित रकमेचे हे 12 टक्के झाले. विमा कंपनीला एवढा हप्ता जातो, पण शेतकऱ्याकडून खरिपात धान्य आणि गळीत पिकांना जास्तीत जास्त 2 टक्के घ्यायचे असा नियम आहे. रब्बीला दीड टक्का, आणि कापूस, कांद्यासारख्या नगदी पिकांना 5 टक्के. उरलेला हप्ता राज्य आणि केंद्र अर्धा-अर्धा भरतात. 46,400 चे 2 टक्के म्हणजे 928, हिशेब जुळला. काही जिल्ह्यांत मूळ दरच 2 टक्क्यांहून कमी होता, तिथे शेतकऱ्याचा हिस्सा आणखी कमी दिसेल, ती चूक नाही.

2023 आणि 2024 च्या पावत्यांवर मात्र शेतकऱ्याचा हिस्सा 1 रुपया आहे. तेव्हा आपला वाटा राज्य सरकार भरत होतं. ती सवलत 2025 च्या खरिपापासून बंद झाली. आणि सेवा केंद्रावर पावतीवरच्या हिश्श्यापेक्षा जास्त पैसे मागितले तर देऊ नका. केंद्रचालकाला अर्जामागे 40 रुपये विमा कंपनीकडून मिळतात.

राहिली मुदत. “नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवा” हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी आहे, पण ते कशाला लागू आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. गारपीट, भूस्खलन, ढगफुटी किंवा पाणी साचून एखाद्याच्या रानाचं नुकसान झालं, म्हणजे स्थानिक आपत्ती, किंवा कापून रानात पसरलेलं पीक 14 दिवसांच्या आत अवकाळीने भिजलं, तर शेतकऱ्याने स्वतः पूर्वसूचना द्यायची असते. मुदत आहे ती या सूचनेची. कापणी प्रयोगावरच्या भरपाईला सूचना लागत नाही, तो हिशेब आपोआप होतो.

2024 चा पोळा आठवा. 1 सप्टेंबरला रविवार होता, दुसऱ्या दिवशी पोळा, आणि मराठवाड्यात त्या दोन दिवसांत पावसाने रानं बुडवली. समजा तुमच्या रानात रविवारी रात्री दहाला पाणी शिरलं. मग मुदत बुधवारी रात्री दहाला संपली. सणाची सुट्टी त्यातून वजा होत नाही. वीज गेली, रेंज गेली, पुलावर पाणी आलं, तरी घड्याळ चालूच राहतं. कित्येकांनी पंचनाम्याला तलाठी येतील म्हणून वाट पाहिली. तो पंचनामा सरकारी अनुदानाचा असतो, विमा कंपनीची सूचना वेगळी द्यावी लागते. हे दोन कागद एक समजल्यामुळे लोकांचे पैसे बुडतात.

सूचना क्रॉप इन्शुरन्स ॲपवर किंवा 14447 वर देता येते, बँकेत आणि कृषी विभागाकडेही देता येते. दिल्यावर डॉकेट आयडी मिळतो. तो लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. ॲपमध्ये उभं पीक की कापलेलं, हे विचारतात. सोयाबीन कापून झालंय, गंजीला लावायचं राहिलंय आणि तुम्ही ‘उभं पीक’ निवडलं, तर पाहणीला आलेला माणूस रान मोकळं बघतो आणि अर्ज बाद करतो. तसंच गट क्रमांक पावतीवरचाच टाका. शेजारच्या गटात पाणी जास्त दिसतं म्हणून तिथला फोटो काढला तर ठिकाण जुळत नाही.

या वैयक्तिक भरपाईतही संरक्षित रक्कम पूर्ण मिळत नाही. बाधित क्षेत्र किती, नुकसान किती टक्के, आणि त्या दिवसापर्यंत पिकावर खर्चाचा किती भाग झाला होता, या तिन्ही गोष्टींनी रक्कम कमी होत जाते. पेरणीनंतर महिन्याभरात बुडालेल्या आणि काढणीच्या तोंडावर बुडालेल्या रानाला म्हणूनच वेगळे पैसे येतात.

आता पुन्हा पडद्यावरच्या वरच्या ओळीकडे या : खरीप 2025. महाराष्ट्राने त्या हंगामापासून भरपाई फक्त कापणी प्रयोगावर ठेवली. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान, पेरणी न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती ही संरक्षणं योजनेतून काढली. म्हणून 2025 च्या सप्टेंबरात पाणी शिरल्यावर ज्यांनी जुन्या सवयीने 72 तासांत फोन केले, त्यांच्या फोनला विम्याच्या हिशेबात आधारच नव्हता. तुमच्या पावतीवर 2024 असेल आणि डॉकेट आयडी हातात असेल, तर पाठपुरावा करायचा हक्क तुमचा आहे. 2025 असेल तर मंडळाचा उतारा आणि उंबरठा उत्पादन, हे दोन आकडे तालुका कृषी कार्यालयातून मागून घ्या आणि मघाचा भागाकार स्वतः करा.

“आणि रानडुकरांचं काय?” हा प्रश्न मागून आला, बरोबर आहे. वन्य प्राण्यांनी केलेलं नुकसान आणि भातात पाणी साचणं, ही दोन्ही खरीप 2026 पासून विम्यात घेता येतील असं केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. तिथे ॲपवर फोटोसह 72 तासांत कळवायची अट आहे. पण वन्य प्राण्यांसाठी कुठले प्राणी आणि कुठले जिल्हे हे राज्याने ठरवायचं आहे. तेव्हा हप्ता भरायच्या आधी केंद्रावर एकच प्रश्न विचारा, आपल्या जिल्ह्याच्या अधिसूचनेत या हंगामाला कुठली संरक्षणं आहेत. अधिसूचनेचा कागद दाखवायला सांगा.

शेवटी खातं. भरपाई आधारला जोडलेल्या खात्यात येते. पावतीवर जिल्हा बँकेचं खातं लिहिलंय आणि आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेलं आहे, असं पुष्कळांचं असतं. पैसे आले नाहीत म्हणण्याआधी ते दुसरं पासबुक भरून घ्या. आणि ही पावती गावाच्या ग्रुपवर टाकू नका, तिच्यावर तुमचा मोबाइल क्रमांक आणि खात्याची माहिती आहे.

आता ज्यांचा 0.80 आणि 46,400 सारखा गुणाकार जुळत नाही, त्यांनी फोटो घेऊन पुढे या.