व्हीटस्टन ब्रिज आणि तीन लूप

नमस्कार. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या, कारण आजचं बोलणं एका चित्राभोवती फिरणार आहे.

बारावीच्या प्रयोगशाळेतला व्हीटस्टन ब्रिज आठवा. पतंगासारखा चौकोन काढा. वरच्या टोकाला 1, डावीकडे 2, खाली 3 आणि उजवीकडे 4 लिहा. हे झाले चार नोड. आता ब्रँच. 1 कडून 2 कडे ‘क’, 2 कडून 3 कडे ‘ख’, 1 कडून 4 कडे ‘ग’ आणि 4 कडून 3 कडे ‘घ’. मधला गॅल्व्हानोमीटर ‘च’, तो 2 कडून 4 कडे. बॅटरीची वायर ‘छ’ बाहेरून वळसा घालून 3 कडून 1 कडे. प्रत्येकीवर बाण काढा. प्रवाह खरंच तसा वाहतो का, ही काळजी आत्ता नको. उलटा असेल तर उत्तर उणे येईल. रोध, बॅटरी सगळं पुसून नुसत्या रेषा आणि ठिपके ठेवले, की झाला नेटवर्कचा ग्राफ.

कॉलेजात मी हेच गणित सोडवायला बसलो आणि डोळ्यांना दिसले ते तीन लूप घेतले: वरची खिडकी क-च-ग, खालची ख-घ-च आणि बाहेरचा अख्खा चौकोन. समीकरणं तीन, अज्ञातं तीन, मी खूश. सोडवता सोडवता शेवटी आलं 0 = 0! तासभर चिन्हं तपासली, पण चूक चिन्हांत नव्हतीच. दोन खिडक्यांची बेरीज केली की ‘च’ उडतो आणि बाहेरचा चौकोनच उरतो. तिसरं समीकरण पहिल्या दोघांचीच नक्कल होतं. वर कहर म्हणजे बॅटरी एकाही लूपमध्ये आली नव्हती.

या ग्राफमध्ये एकूण सात लूप निघतात. त्यांतले कुठले तीन घ्यायचे, याची वाट किरखॉफनं 1847 साली दाखवली. आधी ट्री निवडा. ट्री म्हणजे सगळे नोड जोडतील, पण एकही लूप होणार नाही अशा ब्रँच. नोड चार, म्हणून ट्रीत तीन ब्रँच. आपण क, च, घ घेऊ: 1 वरून 2, तिथून 4, तिथून 3, अशी साखळी. उरलेल्या ख, ग, छ या लिंक.

आता एक-एक लिंक परत लावा. प्रत्येक लिंक ट्रीशी मिळून एकच लूप बनवते, तोच फंडामेंटल लूप. ‘छ’ लावली की बॅटरीचा लूप: छ, क, च, घ. ‘ख’ लावली की ख, घ, च. ‘ग’ लावली की ग, च, क. प्रत्येक लूपमध्ये एक अशी लिंक आहे जी दुसऱ्या दोन्हींत नाही, त्यामुळे एक समीकरण दुसऱ्यांतून निघूच शकत नाही. माझ्या त्या तासाभराचा घोळ एवढ्यानं टळला असता.

कटसेट याच्या उलट. ट्रीतली ‘च’ तोडा. ट्रीचे दोन तुकडे होतात: एकीकडे 1 आणि 2, दुसरीकडे 3 आणि 4. एका गटातून दुसऱ्या गटात जाणाऱ्या सगळ्या ब्रँच मोजा: च, ख, ग, छ. हाच कटसेट. पहिल्या तीन 1 आणि 2 च्या गटातून बाहेर जातात, ‘छ’ आत येते. म्हणून च + ख + ग − छ = 0. किरखॉफचा प्रवाहाचा नियम एका नोडलाच लागतो असं बरेच जण धरून चालतात. इथे तो दोन नोडच्या जोडगोळीला लागला.

चित्र कागदावर असलं तर हे जमतं, पण संगणकाला चित्र दिसत नाही. त्याच्यासाठी इन्सिडन्स मॅट्रिक्स. दर नोडला एक ओळ, दर ब्रँचला एक स्तंभ. ब्रँच नोडमधून निघत असेल तर +1, नोडमध्ये शिरत असेल तर −1, संबंधच नसेल तर 0. नोड 1 ची ओळ घ्या: क ला +1, ग ला +1, छ ला −1, बाकी शून्य. प्रत्येक ब्रँच एका नोडमधून निघून दुसऱ्यात शिरते, म्हणून प्रत्येक स्तंभाची बेरीज शून्य यायला हवी. नाही आली तर त्याच स्तंभात चूक शोधा.

बेरीज शून्य म्हणजे चौथी ओळ पहिल्या तिघींतून निघतेच, म्हणून नोड 4 संदर्भ धरून ती खोडा. उरलेल्या मॅट्रिक्सला A म्हणू. ब्रँचमधल्या प्रवाहांसाठी A·i = 0; आणि तीच मॅट्रिक्स आडवी-उभी अदलाबदल करून नोडच्या व्होल्टेजवर लावली की प्रत्येक ब्रँचचं व्होल्टेज मिळतं. एक अडचण मात्र येते. ओहमच्या नियमानं प्रवाह काढून टाकताना आदर्श बॅटरीला रोधच नसतो, तेव्हा तिचा प्रवाह वेगळा अज्ञात म्हणून ठेवावा लागतो.

आणि एक गंमत करून पाहा. A मधले कुठलेही तीन स्तंभ उचला आणि निश्चयक काढा. क, च, घ घेतले तर −1 येतो, कारण ते ट्री आहे. क, ख, छ घेतले तर शून्य, कारण तो लूप आहे. सहांतून तीन निवडायच्या 20 तऱ्हा. त्यांपैकी चार त्रिकोण निघतात, उरतात 16. या ब्रिजमध्ये बरोबर तेवढेच ट्री आहेत.

नमस्कार.